लग्नाची तारीख पुढे ढकलताना: कार्यालय, आचारी आणि बँडचा आगाऊ न बुडवता बुकिंग कसे हलवावे

लग्न पुढे ढकलायचे ठरले की घरातले कोणीतरी घाईघाईने कार्यालयाला फोन लावते आणि सांगते, "आमचं लग्न कॅन्सल झालंय." त्या एका वाक्यावर पन्नास हजारांचा आगाऊ अडकतो. बऱ्याच पावत्यांवर लग्न रद्द करण्याचा नियम वेगळा असतो आणि तारीख बदलण्याचा वेगळा. मालकाने "रद्द" ऐकले की तो पहिला नियम दाखवतो. बाकीच्या चुका याच घाईतून होतात. जुनी तारीख आधी सोडली जाते आणि नवी मिळत नाही. कार्यालय एका तारखेला मिळते आणि आचारी दुसऱ्या. बँडवाल्याला तर शेवटी, पत्रिका छापून झाल्यावर सांगितले जाते.

खालचा क्रम मराठवाड्यातल्या नेहमीच्या व्यवहाराला धरून आहे. कार्यालयाची छापील पावती असते, आचाऱ्याशी ठरलेले वहीच्या पानावर असते आणि बँडची सुपारी तोंडी असते. समजायला सोपे जावे म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. आकडे उदाहरणापुरते आहेत. लातूरजवळच्या एका कुटुंबातले लग्न २०२६ च्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ठरले होते. मार्चअखेरीस नवरीच्या वडिलांचे ऑपरेशन ठरले आणि लग्न पुढे न्यायची वेळ आली. हातात साधारण चाळीस दिवस होते.

## १. फोन करण्याआधी तिन्ही कागद समोर ठेवा

पावती, वहीचे पान, फोनपे किंवा गुगल पेचा व्यवहार, व्हॉट्सअॅपवरचे बोलणे असे जे काही आहे ते एकत्र करा. तोंडी ठरलेला व्यवहारही कायद्याने करारच असतो, फक्त तो सिद्ध करावा लागतो. बँडमास्तरांनी "तारीख पक्की, पाच हजार मिळाले" एवढा मेसेज टाकला असेल तरी तो जपून ठेवा.

कार्यालयाच्या पावतीची मागची बाजू नक्की वाचा. नियम तिथेच बारीक अक्षरात असतात. त्यात चार गोष्टी शोधा: रद्द केल्यास किती कापणार, तारीख बदलण्याची मुभा आहे का, ती किती दिवस आधी आणि कशी मागायची, आणि नव्या तारखेला भाडे कोणते लागेल. उदाहरणातल्या पावतीवर असे होते: "कार्यक्रम रद्द केल्यास आगाऊ रक्कम परत मिळणार नाही. तारीख बदल ३० दिवस आधी लेखी कळविल्यास, तारीख उपलब्ध असल्यास, एकदाच करता येईल. दरातील फरक पार्टीस भरावा लागेल."

यात "लेखी" आणि "एकदाच" हे दोन शब्द महत्त्वाचे. फोनवर केलेली विनंती या नियमात बसत नाही. आणि मुभा एकदाच असेल तर वडिलांना बरे व्हायला किती वेळ लागेल हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती वापरू नका. ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी मांडवात उभे राहता येईल असे गृहीत धरून तारीख घेतली आणि ती पुन्हा बदलावी लागली, तर दुसऱ्यांदा पावती तुमच्या बाजूने नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे आगाऊ आणि अनामत वेगवेगळे लिहून काढा. भाड्यापोटी दिलेला पैसा हा आगाऊ. मोडतोड, साफसफाई, विजेचे जादा युनिट यांपोटी ठेवलेली रक्कम ही अनामत. कार्यक्रमच झाला नाही तर मोडतोडीचा प्रश्न येत नाही, त्यामुळे अनामत कापायला कारण उरत नाही. बरीच कार्यालये दोन्हीची मिळून एकच पावती देतात आणि नंतर सगळ्या रकमेला "आगाऊ" म्हणतात. उदाहरणात भाडे ८०,००० होते, आगाऊ ४०,००० आणि अनामत १०,०००.

तपासा: पावतीवर नाव कोणाचे आहे? मामांनी बुकिंग केले असेल तर अर्जावर सहीही मामांचीच लागेल. ते पुण्यात असतील तर आधी त्यांच्याकडून सही आणवा.

## २. एक नव्हे, तीन-चार तारखा काढून घ्या

भटजींकडून एकच मुहूर्त घेऊन कार्यालयात गेलात तर बोलणी सुरू व्हायच्या आधीच तुमची बाजू पडते, कारण त्या तारखेसाठी तुम्ही अडलेले आहात हे मालकाला दिसते. किमान तीन तारखा न्या आणि त्यातली एक तरी काढीव तिथ असू द्या.

पंचांगात छापलेल्या विवाह मुहूर्ताला गावातली सगळी कार्यालये भरलेली असतात. भटजींनी वधूवरांच्या पत्रिका बघून काढून दिलेल्या, म्हणजे काढीव तारखेला मात्र तेच कार्यालय रिकामे असते. एरवी रिकामाच जाणारा दिवस भरला तर ते भाडे मालकाला वरकमाईच असते, म्हणून काढीव तारखेला भाडे उतरते आणि तारीख बदलायलाही तो पटकन तयार होतो. घरच्यांना काढीव तिथ चालते का, हे सासरच्या मंडळींनाही विचारून मगच बाहेर पडा. कार्यालयात बसून व्याह्यांना फोन लावायची वेळ येऊ देऊ नका.

२०२६ साठी एक अडचण लक्षात ठेवा. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. अधिक महिन्यात लग्ने लावत नाहीत, त्यामुळे मेच्या पूर्वार्धातून लग्न सरकले की ते थेट जूनच्या उत्तरार्धात जाते. ज्यांची ज्यांची लग्ने सरकली, ती सगळी तिथेच जमा होतात आणि पुढे आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो. मधल्या थोड्या दिवसांत कार्यालय मिळवायचे असेल तर एक आठवडाही वाया घालवून चालत नाही.

जूनअखेरची तारीख घेताना आपल्याकडच्या आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली पाऊस. मेमध्ये उघड्या लॉनवर ठरलेले लग्न जूनमध्ये तसेच उघड्यावर ठेवता येत नाही. त्याच मालकाचा बंद हॉल आहे का, की वॉटरप्रूफ मंडपाचे भाडे वेगळे द्यावे लागेल, हे आत्ताच विचारा. दुसरी पेरणी. ७ जूनच्या आसपास मृग निघतो. पाऊस वेळेवर झाला तर गावाकडचा पाहुणा सोयाबीन-तुरीच्या पेरणीत असतो, आणि शाळाही सुरू झालेल्या असतात. सातशेच्या जागी पाचशे पाने उठतील असा हिशेब धरा. हा आकडा पुढे आचाऱ्याशी बोलताना लागेल.

## ३. कार्यालय: आधी नवी तारीख, मग जुनी सोडा

तिघांत अडचणीची गोष्ट कार्यालय, कारण ते एका दिवशी एकच लग्न घेते. आचारी दुसरी टोळी पाठवू शकतो, बँड वेळ मागेपुढे करू शकतो. म्हणून सुरुवात इथून करा. पण त्याच दिवशी सकाळी आचारी आणि बँड दोघांना फोन करून तुमच्या तीनही तारखांना ते मोकळे आहेत का, एवढे विचारून ठेवा. अजून काही पक्के करू नका.

कार्यालयात समक्ष जा. वहीत तारीख बघितल्याशिवाय फोनवर मिळालेल्या "होऊन जाईल" वर विसंबू नका. सुरुवात अशी करा: "मालक, लग्न इथंच करायचंय, फक्त वडिलांच्या ऑपरेशनमुळं तारीख बदलायची आहे. ह्या तीन तारखांना काय मोकळं आहे?" डॉक्टरांच्या कागदाची झेरॉक्स जवळ ठेवा. कार्यालय देवस्थानाचे किंवा समाजाच्या ट्रस्टचे असेल तर व्यवस्थापकाला सवलत द्यायचा अधिकार नसतो. तिथे अर्ज समितीपुढे जातो, म्हणून बैठक कधी आहे ते विचारा आणि तोपर्यंत नवी तारीख राखून ठेवायला सांगा.

आता मुख्य बोलणी. मालकाचे खरे नुकसान एकाच गोष्टीवर ठरते: तुमची जुनी तारीख दुसऱ्या कोणाला जाते की नाही. मेच्या पहिल्या आठवड्यातली मोठी तिथ आणि हातात चाळीस दिवस, म्हणजे ती जाण्याची शक्यता चांगली. आठवडाभर आधी सांगितले असते तर ती जवळपास वायाच गेली असती. म्हणून मागणी या गोष्टीला जोडून करा. सगळा आगाऊ नव्या तारखेवर वळवा. जुनी तारीख दुसऱ्याला गेली तर बदलाचे काही लागणार नाही. नाही गेली तर ठरावीक रक्कम आम्ही देऊ. उदाहरणात मालकाने आधी आगाऊ जप्त म्हणून सांगितले. पावतीवरचा तारीख बदलाचा नियम समोर ठेवल्यावर तो नरमला आणि शेवटी असे ठरले: काढीव तारखेचे भाडे ६५,०००, आधीचे ४०,००० त्यातून वजा, आणि जुनी तारीख रिकामी राहिली तरच ८,००० बदलाचे. म्हणजे उरलेले देणे २५,०००, फार तर ३३,०००. अनामत १०,००० तशीच पुढे.

पावतीवर तारीख बदलाबद्दल काहीच नसेल तर? मग बदल हा मालकाच्या मर्जीचा भाग आहे, हक्क नाही. तरी "आगाऊ परत मिळणार नाही" एवढे छापले म्हणून सगळी रक्कम आपोआप त्याची होत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. त्याच दिवशी त्याच कार्यालयात दुसरे लग्न लागले तर मालकाला पूर्ण आगाऊ ठेवण्याचे समर्थन करणे जड जाते. हे कलम बोलणीच्या सुरुवातीला काढू नका. पहिल्याच वाक्यात कायदा आला की मालक वकिलाचे नाव काढतो आणि वहीतली तारीख तिसराच घेऊन जातो.

सावधान: नव्या तारखेचा ताबा कधीपासून कधीपर्यंत, हे पुन्हा विचारा. जुन्या बुकिंगमध्ये हळदीसाठी आदल्या संध्याकाळपासून खोल्या मिळणार होत्या. नव्या तारखेच्या आदल्या दिवशी तिथे दुसरे लग्न असेल तर ताबा सकाळी मिळेल आणि हळद घरी करावी लागेल.

## ४. लेखी अर्ज आणि नवी पावती

बोलणी झाली की त्याच बैठकीत कागद करा. अर्ज साधा असावा:

> "आपल्या कार्यालयातील पावती क्र. ___ दि. ___ अन्वये दि. ___ रोजीचे आमचे बुकिंग आहे. घरातील आजारपणामुळे सदर बुकिंगची तारीख बदलून दि. ___ करावी. हा अर्ज तारीख बदलासाठी आहे, बुकिंग रद्द करण्यासाठी नाही. आगाऊ रु. ___ व अनामत रु. ___ नवीन तारखेस वर्ग करावी. नवीन तारीख निश्चित झाल्याची पावती मिळेपर्यंत जुने बुकिंग कायम समजावे."

दोन प्रती काढा. एकीवर पोहोच म्हणून सही, शिक्का आणि तारीख घ्या. शेवटचे वाक्य गाळू नका. नवी पावती हातात येईपर्यंत जुन्या तारखेवरचा तुमचा हक्क त्यावरच टिकतो.

नव्या पावतीकडे नीट बघा. दोघांच्या संमतीने जुन्या कराराच्या जागी नवा करार केला की जुना पाळायची गरज उरत नाही, असे करार अधिनियमाचे कलम ६२ सांगते. म्हणजे जुन्या पावतीवरच्या ज्या सोयी नव्या पावतीवर आल्या नाहीत, त्या मागायला आधार राहत नाही. जनरेटर, वापरायचे पाणी, स्वयंपाकाची भांडी, खोल्यांची संख्या हे सगळे एकेक करून नव्या पावतीवर उतरवा. आगाऊ "वर्ग" झाल्याचा आकडा अंकी आणि अक्षरी असावा. बदलाची ८,००० ची अट "जुनी तारीख दुसऱ्या कार्यक्रमास न दिल्यास" या शब्दांसह असावी. आधीच्या आगाऊवर जीएसटी घेतला असेल तर त्याच रकमेवर तो पुन्हा लावू देऊ नका. नवी पावती देताना जुनी मूळ पावती परत मागतात. देण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा.

## ५. आचारी: जुना आकडा नव्या तारखेला न्यायचा नाही

कार्यालयाची नवी पावती मिळाली की त्याच दिवशी आचाऱ्याकडे जा. चाळीस दिवस आधी त्याचे प्रत्यक्षात काही खर्च झालेले नसते. किराणा तो लग्नाच्या आठवड्यात भरतो, भाजी, दूध आणि खवा आदल्या दिवशी आणतो. तुमच्या तारखेसाठी त्याने दुसरे काम नाकारले असेल, आणि वाढप्यांना थोडी उचल दिली असेल, एवढेच. त्यामुळे आगाऊ वळवून घेणे इथे सहसा अवघड जात नाही.

चूक होते ती हमीच्या पानांत. पान म्हणजे जेवणारा माणूस, आणि हमी म्हणजे कमी लोक जेवले तरी जेवढ्या पानांचे पैसे द्यावेच लागतात तो आकडा. उदाहरणात ७०० पानांचा अंदाज आणि ६०० ची हमी होती, दर २२०. ही हमी जूनअखेरीला तशीच ठेवली आणि पाचशेच माणसे आली, तर शंभर पानांचे २२,००० रुपये न जेवलेल्यांचे जातात. तारीख बदलल्यावर दर मात्र आचारी वाढवून मागणारच, कारण पावसाळ्याच्या तोंडावर भाजीपाला महागतो. म्हणून दर आणि हमी एकत्र बोला. इथे दर २३० वर गेला पण हमी ४५० वर आली. किमान बिल १,३२,००० वरून १,०३,५०० झाले. पाचशे पाने उठली तर १,१५,०००, त्यातून आधीचे ३०,००० वजा जाता ८५,०००.

हमीचा अंतिम आकडा कधी सांगायचा तेही ठरवा. लग्नाच्या पाच दिवस आधी चालेल असे आचाऱ्याकडून लिहून घेतले तर पावसाचा अंदाज बघून ५०-७५ पाने मागेपुढे करता येतात. पदार्थही एकदा वाचून काढा. मेच्या यादीतला आमरस आणि मठ्ठा जूनअखेरीला तसाच ठेवायचा का? आंबा संपत आलेला असतो आणि रस करायचाच म्हटला तर दर वेगळा लागतो.

तुमच्याकडे आचारी फक्त मजुरीवर असेल आणि किराणा तुमचा असेल, तर किराणा दुकानदाराला दिलेली यादी थांबवा. साखर, तेल, डाळ घरी येऊन पडली असेल तर दुकानदार न फोडलेले डबे आणि पोती सहसा परत घेतो, पण ते आठवड्याभरातच विचारा.

तपासा: वहीच्या पानावर नवी तारीख, दर, हमी, पदार्थ, वाढप्यांची संख्या आणि मिळालेला आगाऊ हे लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि त्याचा फोटो एकमेकांना पाठवा. पंगत आहे की बुफे, तेही लिहा. पंगतीला वाढपी जास्त लागतात आणि हा वाद ऐन जेवणाच्या वेळी निघतो.

## ६. बँड: सुपारी वळवा, वेळा नव्याने ठरवा

सुपारी परत मिळत नाही, हा बँडवाल्यांचा सर्वसाधारण नियम. त्यामुळे परत मागू नका, नव्या तारखेला धरायला सांगा. मोठ्या तिथीला मास्तरांना दुसरी सुपारी लगेच मिळते, म्हणून चाळीस दिवस आधी सांगितले तर ते बहुधा मान्य करतात. लग्न आठ दिवसांवर आले असताना सांगितले तर वादकांना दिलेली उचल दाखवून ते सुपारी ठेवून घेतील, आणि त्यात त्यांचे म्हणणे खरे असते. बाहेरगावचा वादक दुसऱ्या पार्टीला नकार देऊन बसलेला असतो.

मोठ्या तिथीला एक बँड दिवसात दोन-तीन लग्ने वाजवतो. म्हणून "त्या दिवशी येऊ" हे पुरेसे नाही. नवरदेवाचा परण्या मारुतीच्या देवळाकडे किती वाजता निघणार, देऊळ किती लांब, वरात आहे की नाही, माणसे किती आणि उशीर झाल्यास तासाचे किती, हे मेसेजवर लिहून पाठवा आणि मास्तरांचा होकार घ्या. पाऊस आला तर काय, तेही. वाजवायला तयार असलेला बँड पावसामुळे थांबला तर पैसे पूर्ण द्यावे लागतात, हा साधारण रिवाज आहे. उदाहरणात ३२,००० चा व्यवहार होता. जूनमध्ये वरात गाळून फक्त परण्या आणि लग्न लागतानाचे वाजवणे ठेवले, २६,००० ठरले, सुपारीचे ५,००० वजा जाऊन २१,००० उरले.

मिरवणुकीसाठी पोलीस ठाण्याची परवानगी काढली असेल तर ती जुन्या तारखेची असते. नव्या तारखेला नवा अर्ज द्या. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. बँडच्या गाडीवरचे कर्णेही त्यात येतात.

## ७. मालक अडून बसला तर

आधी स्पीड पोस्टाने तोच अर्ज पाठवा. नंतर जुन्या तारखेला कार्यालयावर जाऊन बघा. तिथे दुसरे लग्न लागले असेल तर बाहेरच्या कमानीचा, वधूवरांच्या नावाच्या फलकाचा तारखेसह फोटो घ्या. तारीख पुन्हा विकली गेली याचा यापेक्षा सरळ पुरावा मिळत नाही.

पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिथे तडजोडीचा प्रयत्न होतो. तरी सुटले नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील न लावता स्वतः मांडता येते. तक्रारीत "सगळे पैसे परत" एवढेच न लिहिता हिशेब मांडा: आगाऊ किती, अनामत किती, अर्ज किती दिवस आधी दिला, जुनी तारीख दुसऱ्याला गेली का. अनामतीची मागणी आगाऊपासून वेगळी लिहा, कारण आगाऊवर वाद झाला तरी अनामत अडवून ठेवायला मालकाकडे सहसा आधार नसतो.